अबिसिनिया, १९३५: राष्ट्रसंघ नेमका कुठे मोडला आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने काय बदलले

पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेला राष्ट्रसंघ का कोसळला, या प्रश्नाला पाठ्यपुस्तकांतून साधारण तीन उत्तरे मिळतात. त्याच्याकडे स्वतःचे सैन्य नव्हते, प्रत्येक निर्णयाला एकमत लागत असे आणि अमेरिका त्यात सामील झाली नाही. तिन्ही विधाने खरी आहेत. तरीही इटलीने अबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, केलेल्या आक्रमणाच्या प्रकरणाला ती लावून पाहिली, तर त्यांपैकी किमान एक उत्तर तिथे लागूच पडत नाही आणि उरलेली दोन अपुरी ठरतात. या प्रकरणात एकमताचा अडथळा आला नाही. आक्रमक कोण, हे चार-पाच दिवसांत ठरले आणि पन्नास राष्ट्रांनी ते मान्य केले. संघाने आपल्या इतिहासात प्रथमच एका मोठ्या राष्ट्रावर आर्थिक निर्बंध लादले आणि ते प्रत्यक्षात अमलातही आणले. एवढे होऊनही सात महिन्यांत एक सदस्यराष्ट्र नकाशावरून पुसले गेले. म्हणूनच सामूहिक सुरक्षेची व्यवस्था कुठे मोडते हे शोधायचे असेल, तर जपानने मांचुरियावर केलेल्या १९३१ च्या आक्रमणापेक्षा १९३५ चे अबिसिनिया अधिक उपयोगाचे आहे. मांचुरियात यंत्रणा धड चालूच झाली नव्हती. अबिसिनियात ती चालू झाली आणि चालता चालता थांबवली गेली.

करारनाम्याने काय वचन दिले होते

राष्ट्रसंघाचा करारनामा व्हर्सायच्या तहाचाच भाग होता आणि तो १० जानेवारी १९२० रोजी अमलात आला. त्याच्या सव्वीस कलमांत सुरक्षेचा सारा भार प्रामुख्याने १०, १२, १५ आणि १६ या कलमांवर होता. दहाव्या कलमाने प्रत्येक सदस्याच्या प्रादेशिक अखंडतेचे बाह्य आक्रमणापासून रक्षण करण्याची हमी दिली होती. बाराव्या आणि पंधराव्या कलमांनी असा क्रम घालून दिला होता की, वाद लवादाकडे किंवा संघाच्या परिषदेकडे न्यावा आणि निवाडा अथवा अहवाल आल्यानंतर तीन महिने उलटेपर्यंत युद्ध करू नये. युद्ध सर्वस्वी बेकायदा ठरवलेले नव्हते, ते लांबणीवर टाकलेले होते, हे इथे ध्यानात ठेवले पाहिजे. परिषदेचा अहवाल एकमताने झाला नाही, तर सदस्यांना योग्य वाटेल ती कृती करण्याची मोकळीक करारनाम्यानेच ठेवली होती.

सोळाव्या कलमाची भाषा मात्र अत्यंत कडक होती. या अटी धुडकावून युद्ध करणाऱ्या राष्ट्राने सर्व सदस्यांविरुद्धच युद्धकृत्य केले असे मानले जाईल आणि सर्व सदस्य त्याच्याशी असलेले व्यापारी व आर्थिक संबंध तत्काळ तोडतील, असे ते सांगत होते. लष्करी बाबतीत मात्र सूर उतरलेला होता. कोणी किती सैन्य द्यावे याची परिषदेने शिफारस करायची होती, आणि शिफारस कोणावरही बंधनकारक नसते.

या कलमातली हवा १९२१ सालीच काढली गेली. अमेरिकेच्या सेनेटने तह नाकारल्यामुळे जगातली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था संघाबाहेर राहिली होती, आणि ज्या नाकेबंदीत अमेरिका नाही ती आपल्यालाच महाग पडेल, ही भीती ब्रिटनपासून स्कँडिनेव्हियापर्यंत सर्वांना वाटत होती. म्हणून त्या वर्षीच्या आमसभेने सोळाव्या कलमाचा अर्थ लावणारे ठराव केले. कराराचा भंग झाला आहे की नाही हे प्रत्येक सदस्याने स्वतः ठरवायचे आणि आर्थिक निर्बंध टप्प्याटप्प्याने लावता येतील, असा त्यांचा आशय होता. सोळाव्या कलमातले एकही अक्षर बदलले नाही, पण सामूहिक कर्तव्य म्हणून लिहिलेली गोष्ट पन्नासेक स्वतंत्र सरकारांच्या मर्जीवर सोपवली गेली. माझ्या मते राष्ट्रसंघाच्या अपयशाची तारीख शोधायची असेल, तर ती इथेच सापडते. पुढे अबिसिनियात जे घडले, त्याची वाट या ठरावांनी आधीच मोकळी करून ठेवली होती.

वालवालपासून जिनिव्हापर्यंत

अबिसिनिया १९२३ मध्ये राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. १९२८ मध्ये त्याने इटलीशी मैत्रीचा तह केला, आणि वाद लवादाने सोडवण्याचे कलम त्या तहात होते. ५ डिसेंबर १९३४ रोजी ओगादेन प्रदेशातील वालवाल या पाणवठ्याच्या ठिकाणी इटालियन सोमालीलँडच्या फौजेची अबिसिनियाच्या सैनिकांशी चकमक झाली. हे ठिकाण अबिसिनियाच्या हद्दीत बरेच आत होते, तरी माफी आणि भरपाई मागितली ती इटलीने. सम्राट हैले सेलासी यांनी लवादाची मागणी केली आणि जानेवारी १९३५ मध्ये प्रकरण जिनिव्हाला, म्हणजे राष्ट्रसंघाकडे, नेले.

पुढचे नऊ महिने कार्यपद्धती पाळण्यात गेले. लवाद नेमायचा की नाही, त्याने सीमारेषेचा प्रश्न पाहायचा की फक्त चकमकीचा, यांवर खल होत राहिला, आणि अखेर ३ सप्टेंबरला लवादाने दोन्ही पक्षांना दोषमुक्त केले. या काळात मुसोलिनीची जहाजे सुएझ कालव्यातून लाखांहून अधिक सैनिक आणि त्यांचा दारूगोळा एरिट्रिया व सोमालीलँडकडे उघडपणे नेत होती. दुसरीकडे ब्रिटन आणि फ्रान्स यांनी दोन्ही पक्षांना शस्त्रे विकणे थांबवले होते. इटलीकडे स्वतःचे शस्त्रकारखाने होते आणि अबिसिनियाकडे जवळपास काहीच नव्हते. त्यामुळे या समान वागणुकीचा फटका एकाच बाजूला बसला.

तीन महिन्यांच्या प्रतीक्षेची जी कल्पना करारनाम्याच्या मुळाशी होती, तिच्यातील दोष इथे उघडा पडतो. १९१४ च्या जुलैत दोन आठवडे थांबता आले असते तर युद्ध टळले असते, या समजुतीतून ती आली होती. राष्ट्रे चुकून युद्धात ओढली जातात तेव्हा विलंब हे औषध असते. पण मुसोलिनीला युद्ध हवेच होते, आणि पावसाळा संपेपर्यंत त्याला थांबावेच लागणार होते. विलंबाने त्याची तयारी पूर्ण झाली.

३ ऑक्टोबर १९३५ रोजी युद्धाची घोषणा न करता इटालियन फौजांनी मारेब नदी ओलांडली. ७ ऑक्टोबरला परिषदेने निष्कर्ष काढला की इटलीने बाराव्या कलमाचा भंग करून युद्ध सुरू केले आहे. इटली परिषदेची कायम सदस्य होती, पण वादातला पक्ष असल्याने तिचे मत मोजले गेले नाही. त्यानंतर आमसभेचे अध्यक्ष एडवार्ड बेनेश यांनी विरोध असणाऱ्यांनी तसे सांगावे, मौन ही संमती धरली जाईल, अशी पद्धत अवलंबली. इटलीखेरीज फक्त ऑस्ट्रिया, हंगेरी आणि अल्बानिया वेगळे राहिले, आणि ही तिन्ही राष्ट्रे इटलीवर अवलंबून होती. उरलेल्या पन्नास राष्ट्रांनी निष्कर्ष मान्य केला. १९२१ च्या ठरावानुसार हा संघाचा निर्णय नव्हता, ती पन्नास सरकारांची एकाच वेळी व्यक्त झालेली मते होती. म्हणूनच निर्बंध ठरवण्यासाठी नेमलेली समन्वय समिती ही औपचारिकदृष्ट्या संघाचे अंग नव्हती, तर स्वतंत्र राष्ट्रांची एक बैठक होती. हा भेद वकिली काथ्याकूट वाटेल, पण पुढे जे बिनसले ते या भेदामुळेच बिनसले.

जे रोखले आणि जे रोखले नाही

१८ नोव्हेंबर १९३५ पासून निर्बंध लागू झाले. इटलीला शस्त्रे विकणे बंद झाले, कर्जे बंद झाली, इटालियन मालाची आयात बंद झाली, आणि रबर, कथील, ॲल्युमिनियम, निकेल, मँगनीज अशा ठरावीक वस्तूंची इटलीला होणारी निर्यात बंद झाली. वाहतुकीच्या जनावरांचाही या यादीत समावेश होता. यादीत नव्हते ते खनिज तेल, कोळसा आणि पोलाद.

वगळण्याचे कारण वरवर पाहता तर्कशुद्ध होते. ज्या वस्तूंचा पुरवठा प्रामुख्याने सदस्यराष्ट्रांच्या हातात आहे, त्याच रोखण्यात अर्थ आहे, कारण बाकीच्या वस्तू इटली अमेरिकेकडून घेईल. अमेरिकेने ऑगस्टमध्ये तटस्थतेचा कायदा केला होता आणि त्यानुसार शस्त्रांची निर्यात दोन्ही पक्षांना बंद केली होती, पण तेल त्या कायद्याच्या कक्षेत येत नव्हते. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तेल कंपन्यांना नैतिक आवाहन केले. त्याचा परिणाम झाला नाही, उलट त्या महिन्यांत इटलीला जाणारे अमेरिकन तेल वाढले.

तरीही हा तर्क तपासून पाहिला तर पूर्ण टिकत नाही. संकटापूर्वी इटलीच्या तेल-आयातीत अमेरिकेचा वाटा लहान होता. मुख्य पुरवठा रुमानिया, सोव्हिएत संघ, इराण आणि डच वसाहती यांच्याकडून होत असे, आणि हे सारे पुरवठादार संघाचे सदस्य किंवा सदस्यांच्या ताब्यातले प्रदेश होते. पुढे फेब्रुवारी १९३६ मध्ये संघाच्या तज्ज्ञ समितीने हिशोब मांडला. सर्व सदस्यांनी तेल रोखले आणि अमेरिकेने आपली निर्यात १९३५ पूर्वीच्या पातळीपुरती ठेवली, तर साधारण तीन ते साडेतीन महिन्यांत बंदी परिणामकारक होईल, असे तिने सांगितले. ढोबळमानाने तोच कालावधी धरला, तर नोव्हेंबरमध्ये लावलेली बंदी फेब्रुवारीच्या अखेरीस जाणवू लागली असती, म्हणजे युद्धाचा निकाल लागण्यापूर्वी. तज्ज्ञांचा अहवाल हाती आला तेव्हा तो मार्ग जवळपास बंद झाला होता. मुसोलिनीने स्वतः १९३८ मध्ये म्युनिक येथे हिटलरला सांगितले की, तेलावर निर्बंध आले असते तर एका आठवड्यात अबिसिनियातून माघार घ्यावी लागली असती. हे विधान हिटलरच्या दुभाषाने नोंदवले आहे. त्यात बढाई आणि अतिशयोक्ती असू शकते, पण रोमला कशाची धास्ती होती हे त्यातून कळते.

मग तेल का रोखले गेले नाही? नोव्हेंबरच्या सुरुवातीला कॅनडाचे प्रतिनिधी वॉल्टर रिडेल यांनी तेल, कोळसा आणि पोलाद यादीत घालण्याचा प्रस्ताव मांडला आणि समितीने तो तत्त्वतः स्वीकारला. महिन्याभरात कॅनडाच्या सरकारनेच जाहीर केले की ते प्रतिनिधीचे वैयक्तिक मत होते. निर्णयासाठी ठरलेली बैठक फ्रान्सचे पंतप्रधान पियेर लाव्हाल यांच्या विनंतीवरून पुढे ढकलली गेली. तेल रोखले तर ते युद्धकृत्य समजू, अशी गर्भित धमकी मुसोलिनी देत होता, आणि ती धमकी पेलायची तर भूमध्य समुद्रात ब्रिटिश आरमाराला फ्रेंच बंदरांची साथ हवी होती. लाव्हाल यांना ती मनापासून द्यायची नव्हती. जर्मनीविरुद्ध इटलीचा आधार टिकवणे हे त्यांच्या दृष्टीने अबिसिनियापेक्षा महत्त्वाचे होते. ब्रिटिश आरमाराला इटलीची भीती वाटत नव्हती, पण त्या लढाईत जहाजे गमावली तर जपानपुढे काय उरेल, ही चिंता होती.

जनमताचा दाखला याच्या उलट बाजूचा होता. १९३५ च्या जूनमध्ये निकाल जाहीर झालेल्या ‘शांतता मतदान’ या बिनसरकारी जनमत चाचणीत ब्रिटनमधील १ कोटी १० लाखांहून अधिक लोकांनी भाग घेतला. आक्रमकाविरुद्ध आर्थिक उपाय योजण्यास १ कोटीहून अधिक लोकांनी होकार दिला, लष्करी उपायांना मात्र सुमारे ६८ लाखांनी. सप्टेंबरमध्ये परराष्ट्रमंत्री सर सॅम्युअल होअर यांनी जिनिव्हात करारनाम्याच्या बाजूने खंबीर भाषण केले, आणि नोव्हेंबरमध्ये त्याच भूमिकेवर त्यांच्या सरकारने निवडणूक जिंकली. पण खाजगीत होअर आणि लाव्हाल यांचे आधीच ठरले होते की, युद्ध ओढवेल असे निर्बंध लावायचे नाहीत. ८ डिसेंबरला पॅरिसमध्ये दोघांनी एक आराखडा पक्का केला. त्यानुसार इटलीला अबिसिनियाचा मोठा प्रदेश आणि दक्षिणेत आर्थिक वर्चस्वाचे क्षेत्र मिळणार होते, आणि अबिसिनियाला समुद्रापर्यंत एक चिंचोळी वाट. दुसऱ्याच दिवसापासून तो फ्रेंच वृत्तपत्रांतून बाहेर आला. ब्रिटनमध्ये संतापाची लाट उसळली आणि १८ डिसेंबरला होअर यांनी राजीनामा दिला. योजना मेली, पण ज्या दिवसांत तेलाचा निर्णय व्हायचा ते दिवस तिच्यात वाया गेले. लहान राष्ट्रांना जे कळायचे ते कळले. युगोस्लाव्हियाने आपली मोठी इटालियन बाजारपेठ गमावून निर्बंध पाळले होते, आणि आता ज्यांच्या भरवशावर पाळले तेच पडद्याआड वाटाघाटी करत होते.

उरलेला भाग लवकर सांगून होतो. डिसेंबरच्या अखेरपासून इटालियन विमानांनी मोहरी वायूचा वापर सुरू केला. इटलीने ज्यावर सही केली होती त्या १९२५ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलने विषारी वायूला मनाई केलेली होती. ७ मार्च १९३६ रोजी हिटलरने फ्रान्सलगतच्या निःसैनिक ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घुसवले आणि फ्रान्सचे लक्ष पूर्णपणे तिकडे वळले. ३१ मार्चला मायचू येथे सम्राटाच्या सैन्याचा पराभव झाला, २ मे रोजी सम्राटांनी आदिस अबाबा सोडले आणि ५ मे रोजी इटलीचा सेनापती मार्शल बादोल्यो शहरात शिरला. ३० जूनला सम्राटांनी आमसभेपुढे उभे राहून, इटालियन पत्रकारांच्या शिट्ट्यांचा गोंधळ शमल्यावर, आपल्या लोकांवर फवारलेल्या वायूचे वर्णन केले आणि संघाच्या वचनांचा हिशोब मागितला. १५ जुलैला निर्बंध उठवले गेले.

नवी सनद लिहिताना

ऑगस्ट ते ऑक्टोबर १९४४ या काळात वॉशिंग्टनमधील डंबार्टन ओक्स या वास्तूत अमेरिका, ब्रिटन, सोव्हिएत संघ आणि नंतर चीन यांच्या प्रतिनिधींनी नव्या संघटनेचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा, आराखडा तयार केला. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे मतदानाचा प्रश्न मिटवला गेला आणि २५ एप्रिलपासून सॅन फ्रान्सिस्कोत पन्नास राष्ट्रांनी सनदेवर दोन महिने चर्चा करून २६ जूनला सह्या केल्या. त्यांत अबिसिनिया, आता इथिओपिया, होता. १९४१ मध्ये पूर्व आफ्रिकेतली इटालियन सत्ता संपवणाऱ्या फौजांत भारतीय पलटणी होत्या आणि एरिट्रियातील केरेनच्या लढाईत मराठा पलटणीही लढल्या होत्या. सही करणाऱ्यांत भारतही होता, पण रामस्वामी मुदलियार यांच्या नेतृत्वाखालील त्या शिष्टमंडळाची निवड ब्रिटिश सरकारने केलेली होती.

१९३५ च्या घटनाक्रमाशी ताडून सनद वाचली की तिची रचना उलगडत जाते. पहिला बदल शब्दांचा आहे. करारनाम्यात बंधन होते ते ‘युद्धा’वर, म्हणून १९३१ मध्ये जपानने मांचुरियातील कारवाईला युद्ध म्हणायचे टाळले आणि १९३५ मध्ये इटलीनेही युद्धाची घोषणा केली नाही. सनदेच्या कलम २ मधील चौथ्या उपकलमाने बळाचा वापर आणि त्याची धमकी या दोन्हींना मनाई केली. प्रतीक्षेचे तीन महिने गेले. कलम ३९ नुसार सुरक्षा परिषद शांततेला धोका आहे एवढे जरी ठरवू शकली, तरी हालचाल करू शकते. वालवालसारख्या प्रकरणात पहिली गोळी कोणाची, याचा निकाल लागेपर्यंत तिला थांबावे लागत नाही.

दुसरा बदल सर्वांत महत्त्वाचा आहे. १९२१ मध्ये जो अधिकार एकेका सरकारला दिला गेला, तो काढून घेण्यात आला. आक्रमण झाले आहे का, हे परिषद ठरवते. कोणते उपाय योजायचे, हेही तीच ठरवते, आणि कलम २५ नुसार तिचे निर्णय सर्व सदस्यांना पाळावे लागतात. कलम १०३ ने यात भर घातली की सनदेचे बंधन आणि इतर कोणत्याही कराराचे बंधन यांत विरोध आला, तर सनद वरचढ. कॅनडाने प्रस्ताव मांडून मागे घ्यावा किंवा फ्रान्सने बैठक लांबवावी, अशा रीतीने यादीतील वस्तू गळण्याची शक्यता निदान कायद्यापुरती तरी यामुळे संपली. कलम ४१ मध्ये आर्थिक संबंध, रेल्वे, सागरी वाहतूक, तार आणि रेडिओ यांचा उल्लेख सरळ आहे. युगोस्लाव्हियाच्या अनुभवाला मिळालेले उत्तर मात्र दुबळे आहे. निर्बंधांमुळे अडचणीत आलेल्या राष्ट्राला परिषदेशी विचारविनिमय करण्याचा हक्क कलम ५० देते, भरपाईचा नाही.

तिसरा बदल सैन्याचा होता. कलम ४२ ने परिषदेला लष्करी कारवाईचा अधिकार दिला, कलम ४३ नुसार सदस्यांनी आधीच करार करून फौजा राखून ठेवायच्या होत्या, आणि कायम सदस्यांच्या सेनाप्रमुखांची एक लष्करी समिती त्यांचे नियोजन करणार होती. तेल रोखले तर इटलीशी कोणाचे आरमार लढणार, हा १९३५ मधला प्रश्न प्रसंग उभा राहण्यापूर्वीच सोडवून ठेवायचा हा प्रयत्न होता.

नकाराधिकार आणि त्याची किंमत

राष्ट्रसंघात इटलीचे मत मोजले गेले नव्हते, हे वर आलेच आहे. आता कल्पना करू की १९३५ साली सनद लागू होती आणि इटली सुरक्षा परिषदेची कायम सदस्य होती. कलम २७ नुसार वादातील पक्षाने मतदानापासून दूर राहायचे असते, पण ते फक्त वादाच्या शांततामय सोडवणुकीपुरते. सक्तीच्या उपायांवर मतदान होते तेव्हा कायम सदस्य स्वतः आरोपी असला तरी नकाराधिकार वापरू शकतो. म्हणजे ७ ऑक्टोबरला जो निष्कर्ष परिषदेने काढला तो सनदेखाली निघालाच नसता. अर्थात एका नेमक्या मुद्द्यावर नवी व्यवस्था जुनीपेक्षा कमकुवत आहे, आणि ती अनवधानाने तशी झालेली नाही.

डंबार्टन ओक्समध्ये याच प्रश्नावर बोलणी अडली होती. सोव्हिएत प्रतिनिधींना वादात पक्ष असतानाही प्रत्येक बाबतीत नकाराधिकार हवा होता, ब्रिटिशांना तो सुरुवातीला मान्य नव्हता, आणि याल्टात वर सांगितलेली तडजोड झाली. सॅन फ्रान्सिस्कोत ऑस्ट्रेलियाच्या हर्बर्ट एव्हॅट यांनी लहान आणि मध्यम राष्ट्रांच्या वतीने किमान शांततामय सोडवणुकीच्या टप्प्यात तरी नकाराधिकार नसावा यासाठी जोराचा आग्रह धरला. मोठ्या राष्ट्रांचे उत्तर स्पष्ट होते: नकाराधिकाराशिवाय सनद नाही. अमेरिकेचे सेनेटर टॉम कॉनली यांनी सनदेची प्रत सभेत फाडून दाखवली आणि नकाराधिकार काढला तर तुम्ही सनदच फाडाल, असे सांगितले. त्यांच्या नजरेसमोर १९१९ आणि १९२० चे सेनेट होते. २८ जुलै १९४५ रोजी त्याच सेनेटने सनद ८९ विरुद्ध २ मतांनी मंजूर केली.

माझ्या मते हा सौदा लेखकांनी समजून उमजून केला. मोठ्या राष्ट्राविरुद्ध सामूहिक कारवाई म्हणजे दुसरे नाव घेतलेले महायुद्ध, असे ते मानत होते, आणि तसे युद्ध संघटनेच्या नावाने सुरू करण्यापेक्षा संघटनेने तिथे थांबावे, हे त्यांना पटले होते. मोबदल्यात सर्व मोठी राष्ट्रे आत राहतील, त्यांच्याबाहेर तेल विकणारे कोणी उरणार नाही, आणि लहान किंवा मध्यम आक्रमकावर दबाव पूर्ण पडेल, अशी अपेक्षा होती. जिथे मोठी राष्ट्रे एकत्र असतात तिथे ही अपेक्षा पुरी झालेली दिसते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले, त्याच दिवशी परिषदेने माघारीची मागणी केली. ६ ऑगस्टला ६६१ क्रमांकाच्या ठरावाने इराकचा जवळपास सर्व व्यापार बंद केला, त्यात तेल पहिल्या दिवसापासून होते. तेरा मते बाजूने पडली, क्युबा आणि येमेन तटस्थ राहिले. २५ ऑगस्टला जहाजे अडवून तपासण्याची मुभा मिळाली. जॉर्डनसारख्या शेजाऱ्याला मोठा फटका बसला आणि त्याने कलम ५० चा आधार घेतला. एवढे होऊनही निर्बंधांनी इराक बाहेर पडला नाही, त्यासाठी १९९१ मध्ये लष्करी कारवाई करावी लागली. ती कारवाई संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याने केली नाही. परिषदेने सदस्यराष्ट्रांना परवानगी दिली आणि त्यांनी आपापल्या फौजा आणल्या, कारण कलम ४३ चे करार कधी झालेच नव्हते. १९४७ मध्ये लष्करी समितीचा अहवाल आला तेव्हाच सोव्हिएत संघ सर्व पाच जणांनी समान फौजा द्याव्यात म्हणत होता, इतर चौघांना प्रत्येकाच्या क्षमतेनुसार वेगळी रचना हवी होती, आणि चर्चा तिथेच गोठली.

जिथे कायम सदस्य स्वतःच आक्रमक असतो, तिथे १९५० साली एक आडवाट काढली गेली. कोरियाच्या युद्धाच्या वेळी सोव्हिएत प्रतिनिधी परिषदेवर बहिष्कार टाकून बसल्यामुळे जूनमध्ये ठराव होऊ शकले, पण ऑगस्टमध्ये तो परतल्यावर ते शक्य राहिले नाही. म्हणून नोव्हेंबरमध्ये आमसभेने ठरवले की परिषद नकाराधिकारामुळे अडली तर आमसभा स्वतः बसून शिफारस करू शकेल. १९५६ मध्ये सुएझप्रकरणी, म्हणजे इजिप्तवरील हल्ल्याच्या वेळी, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी नकाराधिकार वापरला तेव्हा याच मार्गाने तातडीची आमसभा भरली आणि पहिले शांतिसैन्य उभे राहिले, ज्यात भारताची तुकडी होती. तिथे ती वाट चालली, कारण अमेरिका आणि सोव्हिएत संघ हे दोघेही माघारीच्या बाजूने होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील ठरावाला रशियाने नकाराधिकार वापरल्यानंतरही आमसभा भरली आणि मोठ्या बहुमताने निषेध झाला. पण आमसभेची शिफारस बंधनकारक नसते, त्यामुळे रशियावर निर्बंध कोणी लावायचे आणि त्याचे तेल कोणी घ्यायचे, हे प्रत्येक सरकारने स्वतः ठरवले.